बिनपगारी रजा घेतल्यावर पगार नेमका किती कापला जातो? आणि निघण्याआधी लेखी काय घ्यावं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून पगाराच्या चिठ्ठीतला कुठलाही बदल ‘नवा कायदा आलाय’ या एका वाक्यात उडवून लावला जातो. दोन खाडे पडले आणि तीन दिवसांचे पैसे गेले, तरी उत्तर तेच. बिनपगारी रजेचा हिशेब मात्र कायद्यापेक्षा तुमच्या कंपनीने कुठला आकडा भाजक म्हणून धरलाय यावरच जास्त अवलंबून असतो. हा आकडा बहुतेकांना माहीत नसतो, आणि रजेवर जाण्याआधी तो विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

कोकणात या रजेचे दोन ठरलेले मोसम आहेत. एक गणपतीचा आणि दुसरा आंब्याचा. गणपतीवर सगळेच बोलतात, म्हणून इथे आंब्याचा मोसम घेतो. रत्नागिरी, देवगड, राजापूरकडे घरची तीस-चाळीस कलमं असलेली पण पोटासाठी कारखान्यात, हॉटेलात किंवा शोरूममध्ये नोकरी करणारी माणसं पुष्कळ आहेत. मे महिन्यात पावसाच्या आधी आंबा उतरवायलाच लागतो. गडी मिळत नाहीत आणि मिळाले तरी परवडत नाहीत. मग घरच्या माणसाला झेला घेऊन स्वतःच झाडावर चढावं लागतं. शिल्लक रजा संपलेली असते. साहेब म्हणतात, “जा तू, बघू मागाहून.” या ‘मागाहून’मध्ये किती पैसे अडकतात, ते आता आकड्यांनी पाहू.

बिनपगारी रजा म्हणजे काय, आणि खाडा म्हणजे काय

पगाराच्या चिठ्ठीवर याला बहुधा ‘एलओपी’ किंवा ‘एलडब्ल्यूपी’ असं लिहिलेलं असतं. अर्थ एकच: त्या दिवसाचा पगार नाही. पण पगार न मिळणारे दिवस दोन जातींचे असतात. पहिल्यात तुम्ही विचारून गेलात, वरच्यांनी मंजूर केलं, फक्त पैसे मिळणार नाहीत. दुसऱ्यात तुम्ही न सांगता गेलात, किंवा सांगून गेलात पण मंजुरीची कुठे नोंदच नाही. पगारात दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, म्हणून लोकांना फरक जाणवत नाही. नोकरीच्या दृष्टीने मात्र दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर रजेने नोकरीचा सलगपणा तुटत नाही, त्यामुळे ग्रॅच्युइटीची वर्षं मोजताना त्रास होत नाही. विनापरवाना गैरहजेरीवर मात्र नोटीस निघू शकते, चौकशी लागू शकते, आणि नोकरीत खंड पडल्याचा आदेशही निघू शकतो. म्हणजे पगार गेला तरी चालेल, पण ‘मंजूर’ हा शब्द कागदावर हवाच.

एका दिवसाचा पगार किती? इथेच सगळी मेख आहे

हिशेबासाठी एक उदाहरण बांधू. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळणारा माणूस आहे. महिन्याचा एकूण पगार २३,४०० रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६००, घरभाडे भत्ता ४,६८०, इतर भत्ते ३,१२०. रविवारी सुट्टी. त्याला मे २०२६ मध्ये सोमवार ४ तारखेपासून शनिवार १६ तारखेपर्यंत बिनपगारी रजा हवी आहे. कामाचे दिवस १२, आणि मध्ये १० तारखेचा एक रविवार येतो.

आता एका दिवसाचा पगार काढा. इथे तीन पद्धती चालतात.

पहिली पद्धत २६ ने भागायची. महिन्यातले चार रविवार वजा केले की साधारण २६ कामाचे दिवस उरतात, हा त्यामागचा विचार. ग्रॅच्युइटीच्या सूत्रातही हाच २६ आहे. २३,४०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ९०० रुपये. दुसरी पद्धत, महिना कुठलाही असो, ३० ने भागायची. दिवसाला ७८० रुपये. तिसरी पद्धत त्या महिन्यात जितके दिवस असतील तितक्याने भागायची. मेमध्ये ३१ दिवस, म्हणून दिवसाला साधारण ७५५ रुपये. याच पद्धतीने फेब्रुवारीत रजा घेतली तर २८ ने भागलं जाईल आणि एक दिवस ८३६ रुपयांना पडेल.

२६ ने भागून १२ दिवस कापले तर १०,८०० रुपये जातात. ३० ने भागून १२ दिवस कापले तर ९,३६०. ३१ ने भागून १२ दिवस कापले तर ९,०५८. माणूस तोच, रजा तीच, आणि फरक जवळपास पावणेदोन हजारांचा. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. तिन्ही पद्धती सरसकट वापरात आहेत. मात्र एकदा एक पद्धत धरली की वर्षभर आणि सगळ्यांना तीच लावायला हवी.

मधला रविवार कापता येतो का?

आता १० तारखेचा रविवार. शनिवारीही तुम्ही नव्हतात, सोमवारीही नव्हतात. मग मधला रविवारही रजेतच धरायचा, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. याला सँडविच रजा म्हणतात. रविवार धरला की १२ चे १३ दिवस होतात.

हा नियम मुळातच अन्यायाचा आहे असं मी म्हणणार नाही. कुठल्या भाजकासोबत तो लावलाय ते पाहायचं. ३१ ने भागताना रविवारही भाजकात मोजलेले असतात. म्हणजे तुमच्या पगाराचा एक तुकडा रविवारच्या नावावर आहे. तो रविवार कापला तर १३ दिवसांचे ९,८१३ रुपये जातात. नियम आधी सांगितलेला असेल तर या हिशेबात निदान मेळ तरी आहे. २६ ने भागताना रविवार आधीच बाहेर काढलेले असतात. सगळा पगार २६ दिवसांवर वाटून टाकला, म्हणून तर एक दिवस ९०० रुपयांचा झाला. त्यानंतर परत रविवार कापायचा म्हणजे जो दिवस मोजलाच नव्हता त्याचे पैसे घ्यायचे. पाच डझनांच्या पेटीचा भाव चार डझनांनी भागून डझनाचा दर काढायचा, आणि माल परत घेताना मात्र पाचही डझनांचे पैसे मागायचे, तसं हे आहे.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. पूर्ण मे महिना रजेवर गेलो असतो तर किती कापलं असतं, असा प्रश्न विचारायचा. २६ ने भागून रविवारही कापायचे तर ३१ दिवस गुणिले ९०० म्हणजे २७,९०० रुपये. पगारच २३,४०० आहे. म्हणजे महिनाभर घरी बसलेला माणूस कंपनीला साडेचार हजार देणं लागतो! हिशेब असा वाकडा गेला की भाजक एका पद्धतीचा आणि मोजणी दुसऱ्या पद्धतीची वापरली आहे हे पक्कं समजावं. आपल्या स्टोअर्सवाल्याच्या बाबतीत या सरमिसळीने १३ गुणिले ९००, म्हणजे ११,७०० रुपये जातील.

कायदाही इथे मदतीला येतो. वेतन संहिता, २०१९ च्या कलम २० मध्ये गैरहजेरीच्या कपातीची मर्यादा दिली आहे. पूर्वीच्या १९३६ च्या वेतन कायद्यातही हीच मर्यादा होती, त्यामुळे ‘नवा कायदा’ म्हणून यात फारसं काही बदललेलं नाही. नियमाचा आशय असा की त्या महिन्यात जितके दिवस काम करणं तुमच्यावर बंधनकारक होतं, त्यांपैकी जितके दिवस तुम्ही गैरहजर होतात, त्याच प्रमाणात पगार कापता येतो, त्याहून जास्त नाही. मे २०२६ मध्ये पाच रविवार वजा जाता २६ दिवस उरतात. १ मेची पगारी सुट्टीही बाजूला काढली तर २५. मालकाच्या सर्वांत बाजूने धरलं तरी २५ पैकी १२ दिवस, म्हणजे जास्तीत जास्त ११,२३२ रुपये. ११,७०० ही रक्कम त्याच्याही वर जाते. वाद घालायची वेळ आलीच तर नेमकं हेच गणित समोर ठेवावं. ‘रविवार का कापला’ एवढंच म्हटलं की उत्तरात ‘पॉलिसी आहे’ येतं आणि बोलणं तिथेच थांबतं.

“पगार निम्माच कापला, मग हातात एवढे कमी कसे?”

हा प्रश्न दर मोसमात ऐकू येतो. आपल्या उदाहरणातला कारखाना २६ ने भागतो आणि रविवार कापत नाही असं धरू. तो अगदी स्वच्छ वागतो असं माना. तरीही हातात येणारी रक्कम आपल्या अंदाजापेक्षा बरीच खाली जाते.

नेहमीच्या महिन्यात २३,४०० मधून पीएफचे १,८०० जातात, म्हणजे १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के. व्यवसाय कराचे २०० जातात. पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता ४,००० जातो. हातात १७,४०० येतात. ईएसआय यात धरलेली नाही, म्हणजे हिशेब सुटसुटीत राहतो.

मे महिन्यात १२ दिवसांचे १०,८०० जाऊन पगार उरतो १२,६००. पीएफ मात्र मिळालेल्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावर निघतो. १५,६०० चे २६ पैकी १४ दिवस म्हणजे ८,४००, त्याचे १२ टक्के १,००८. व्यवसाय कर पूर्ण २०० जातो, कारण तो दिवसांवर नसून टप्प्यावर असतो. पुरुषांना महिन्याचा पगार १०,००० च्या वर असला की २०० लागतोच. ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५, त्याखाली काही नाही. बायकांना २५,००० पर्यंत हा कर माफ आहे. पतसंस्थेचा हप्ता तर एक रुपयाही कमी होत नाही. १२,६०० मधून १,००८, २०० आणि ४,००० वजा केले की हातात राहतात ७,३९२.

दिवस २६ पैकी १२ गेले, म्हणजे निम्म्याहून कमी. हातातली रक्कम मात्र १७,४०० वरून ७,३९२ वर आली, म्हणजे निम्म्याहून बरीच जास्त घटली. यात कुणाची लबाडी नाही. पगार दिवसांप्रमाणे कमी होतो आणि हप्ते होत नाहीत, एवढंच कारण. गाडीचा किंवा मोबाइलचा हप्ता ५ तारखेला बँकेतून आपोआप जाणारा असेल तर तो परत जाऊन वर दंड बसतो, तो याच महिन्यात. म्हणून रजेचे दिवस ठरवताना कापली जाणारी रक्कम पाहू नये, हातात उरणारी पाहावी. पतसंस्थेच्या सचिवांना महिनाभर आधी अर्ज दिला तर एखाद्या हप्त्याची सवलत मिळू शकते. पगार झाल्यावर सांगून उपयोग नसतो, कारण कपातीची यादी तोवर कारखान्याकडे गेलेली असते.

दिसत नाही असा तोटा पीएफमध्ये होतो. तुमच्याकडून १,८०० ऐवजी १,००८ गेले, म्हणजे ७९२ कमी. कंपनीचा वाटाही तितकाच कमी झाला. दोन्ही मिळून १,५८४ रुपये खात्यात कमी पडले. कंपनीच्या वाट्यातून पेन्शन फंडात जाणारे १,२५० घटून ७०० वर येतात. कंपनी दर महिन्याला पीएफ कार्यालयाकडे जी फाइल भरते तिच्यात ‘एनसीपी दिवस’ नावाचा रकाना असतो. ज्या दिवसांचा पगारच नव्हता, म्हणून वर्गणीही नव्हती, ते दिवस तिथे लिहायचे. तिथे १२ च्या जागी १३ लिहिले गेले तर तुमच्या पेन्शनच्या नोकरीतून एक जास्तीचा दिवस गळतो. एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. पण दर वर्षी गणपतीला आणि आंब्याला हेच होत राहिलं तर वीस वर्षांत तो हिशेब बराच मोठा होतो.

ईएसआय असणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी पाहावी

ईएसआय कापली जात असेल तर आजारपणातला पगार मिळण्यासाठी एक अट असते. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे दोन सहामाही वर्गणी काळ असतात. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, तरच पुढच्या ठरलेल्या सहामाहीत आजारपणाचा लाभ मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर या एकाच सहामाहीत आंबाही येतो आणि बहुतेक वर्षी गणपतीही. नेहमी कामावर असणाऱ्याला ७८ दिवस सहज भरतात. पण मेमध्ये तीन आठवडे, पावसाळ्यात घरच्या लावणीला काही दिवस, मग गणपतीत दोन आठवडे, आणि मध्येच हॉटेल बंद असल्याने काही दिवस सक्तीची रजा, असं झालं की पर्यटनावर चालणाऱ्या ठिकाणी काम करणारा माणूस ७८ च्या काठावर येऊ शकतो. घरात कुणाची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण ठरलेलं असेल तर रजा टाकण्याआधी हे दिवस मोजून घ्यावेत. बाळंतपणाच्या लाभाची अट वेगळी आहे, मागच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवस.

“आमचे मालक गावातलेच, त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचं?”

हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. आपल्याकडे मालकाचा भाऊ तुमच्या वाडीतल्या भजनात असतो आणि मॅनेजर तुमच्या मावशीच्या दिराचा मुलगा असतो. तिथे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटतं. पण पगार बहुतेक वेळा ज्याच्याशी तुम्ही बोललात तो माणूस काढत नाही. पगार काढणारा चिपळूणला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला बसलेला असतो. त्याच्यासमोर फक्त हजेरीचा तक्ता असतो. तुमच्या नावापुढे बारा रिकाम्या जागा दिसल्या की तो संगणकात ‘गैरहजर’ भरतो. मॅनेजर खरोखर हो म्हणाले होते, हे त्याला कळायला दुसरा मार्ग नसतो. लिहून घेतलेला कागद मालकासाठी नसून या माणसासाठी असतो. असं सांगितलं तर कुणाला रागही येत नाही: “साहेब, पगारवाल्यांना कळावं म्हणून दोन ओळी पाठवतो, तुम्ही फक्त ‘मंजूर’ लिहा.”

स्टँप पेपर वगैरे काही लागत नाही. ईमेल उत्तम. ईमेलची पद्धत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश आणि त्याला आलेलं उत्तर, किंवा साधा अर्ज आणि त्याच्या प्रतीवर सही-तारीख. संदेश साधारण असा असावा:

“मला ४ मे ते १६ मे २०२६ अशी कामाचे १२ दिवस बिनपगारी रजा हवी आहे. १८ मे रोजी सोमवारी कामावर हजर होईन. माझी पगारी रजा आजच्या तारखेला शून्य शिल्लक आहे असं मी धरतो. कपात १२ दिवसांची होईल आणि १० तारखेचा रविवार कापला जाणार नाही, तसंच एका दिवसाचा पगार २६ ने भागून काढला जाईल, असं मला सांगण्यात आलं आहे. यात काही वेगळं असेल तर कृपया कळवावं. या काळात स्टोअर्सच्या किल्ल्या आणि नोंदवही अमुक सहकाऱ्याकडे दिली आहे. रजा मंजूर असल्यास उत्तर द्यावं, ही विनंती.”

या संदेशात ‘यात काही वेगळं असेल तर कळवावं’ ही ओळ सर्वांत जास्त काम करते. उत्तरात नुसतं ‘मंजूर’ आलं तरी हिशेबाची पद्धत तुम्ही लिहून दिलेली असते आणि कुणी हरकत घेतलेली नसते. मॅनेजरला पद्धत माहीतच नसेल तर तो याच वेळी वर विचारतो, आणि खरं काय ते रजेआधीच कळतं. उत्तर ‘आमच्याकडे ३० ने भागतात आणि मधला रविवार धरतात’ असं आलं तरी वाईट नाही. मग १०,१४० रुपये जाणार हे आधी कळतं आणि रजा कशी टाकायची याचा विचार करता येतो.

शिल्लक पगारी रजा असेल तर ती कुठे वापरायची

समजा स्टोअर्सवाल्याकडे दोन दिवसांची पगारी रजा शिल्लक निघाली. लोक ती सवयीने सुरुवातीला टाकतात. सँडविचचा नियम असलेल्या ठिकाणी आधी एक विचारावं: रविवारच्या एका बाजूला पगारी रजा असेल तर रविवार कापता का? बऱ्याच कंपन्यांच्या नियमात रविवारच्या दोन्ही बाजूंना बिनपगारी दिवस असले तरच तो कापला जातो. तसं असेल तर ९ तारखेच्या शनिवारी पगारी रजा टाकली की १० चा रविवार वाचतो. पगारी रजा एक वापरली आणि दिवस दोन वाचले. नियम कंपनीगणिक बदलतो, म्हणून याचंही उत्तर त्याच संदेशात घ्यावं.

सुट्ट्यांच्या बाबतीतही असंच आहे. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. हॉटेलं, दुकानं, शोरूम अशा ज्या ठिकाणी हा कायदा लागू आहे, तिथे गणेश चतुर्थी त्या चारांत घालून घेणं कोकणात अगदी रास्त आहे. पण ती मागणी डिसेंबरमध्ये करायची असते. ऑगस्टमध्ये केली तर तो दिवस रजेतच जातो. तसंच अशी ठरलेली सुट्टी बिनपगारी रजेच्या मध्ये आली तर तिचे पैसे मिळणार की नाही, हेही जाण्याआधी विचारून ठेवावं.

रजा लांबली तर?

आंबा आपल्या तारखा पाळत नाही. मेच्या मध्यावर वळिवाचा पाऊस झाला की उरलेला माल घाईने कॅनिंगला द्यावा लागतो, आणि १६ तारीख २० वर जाते. लोक इथे सर्वांत मोठी चूक करतात. मूळ रजा मंजूर आहे म्हणून पुढचे दिवसही त्यातच धरले जातील असं मानून गप्प बसतात. वाढीव दिवस आपोआप मंजूर होत नाहीत. ते विनापरवाना गैरहजेरीत जातात, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या जातीत. कारखान्यांसाठीच्या नमुना स्थायी आदेशांमध्ये तर अशी तरतूद आहे की मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही आणि समाधानकारक कारणही दिलं नाही, तर त्या जागेवरचा त्याचा हक्क जाऊ शकतो. म्हणून रजा संपायच्या आधी, बागेत रेंज नसेल तर रस्त्यावर येऊन, एक ओळ पाठवावी: “२० मेपर्यंत रजा वाढवून मिळावी, २१ ला हजर होतो.” फोनवर बोललात तरी त्यानंतर हा संदेश जायलाच हवा.

रोजंदारीवर असणाऱ्यांचं काय?

ज्यांना काम केलेल्या दिवसांचेच पैसे मिळतात, त्यांच्यासाठी भाजकाचा प्रश्न येत नाही. आलात तर रोज, नाही तर नाही. पण कंत्राटदारामार्फत कारखान्यात किंवा मासळीच्या युनिटमध्ये असाल तर नाव हजेरीपटावर राहणार आहे की काढून परत नव्याने घालणार, हे विचारावं. नाव काढून परत घातलं की नोकरीची तारीख नवी होते, आणि सलग नोकरीवर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पगारी रजा तर कामाच्या दिवसांवरच साठते, दर २० दिवसांच्या कामामागे एक.

पगार झाल्यावर काय तपासायचं

चिठ्ठीवर ‘पेड डेज’ आणि ‘एलओपी डेज’ असे दोन आकडे असतात. आधी दोन्हींची बेरीज पाहा. ३१ आली तर कॅलेंडरचे दिवस धरलेत, ३० आली तर ३० ची पद्धत आहे, २६ आली तर २६ ची. भाजक इथेच उघड होतो. मग एलओपीचे दिवस १२ आहेत का ते पाहा. मग मूळ पगाराची रक्कम त्याच प्रमाणात उतरली आहे का ते पाहा. भत्ते आणि मूळ पगार सारख्या प्रमाणात कमी व्हायला हवेत. सगळी कपात एकट्या मूळ पगारावर टाकली असेल तर पीएफ विनाकारण आणखी खाली जातो. कंपनीचा हजेरीचा महिना १ तारखेला सुरू होत नसेल, समजा ११ ते १० असा असेल, तर तुमची रजा दोन पगारांत विभागली जाईल. तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवून मोजा.

चूक दिसली तर त्याच आठवड्यात लिहून कळवा, आणि मंजुरीचा जुना संदेश सोबत जोडा. बहुतेक चुका पगार काढणाऱ्याला तक्ता नीट न कळल्याने झालेल्या असतात आणि पुढच्या पगारात फरक मिळतो. नाहीच मिळाला तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जाता येतं. वेतन संहितेत असा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे मागच्या आंब्याच्या मोसमातल्या चिठ्ठ्या फेकून दिल्या नसतील तर त्याही काढून बघा.